प्रिंटरला केबल आणि पक्का पत्ता

जुलैचा शेवटचा आठवडा. कर सल्लागाराच्या ऑफिसात बाहेरच्या बाकावर माणसं बसलेली, आत पाच संगणकांवर विवरणपत्रं भरण्याची घाई. एक पोचपावती छापायला पाठवली जाते, प्रिंटरचा हिरवा दिवा शांतपणे जळत राहतो, कागद काही हलत नाही. संगणकावर फक्त ‘Offline’ एवढंच दिसतं. “सर, परत ऑफलाइन दाखवतंय,” असं आतून ऐकू आलं की कुणीतरी उठतं, प्रिंटर बंद करून चालू करतं, मिनिटभराने छपाई सुरू होते. तासाभराने पुन्हा तेच.

अशा वेळी दोष प्रिंटरवर येतो, मग ड्रायव्हरवर, मग विंडोजवर. बहुतेक वेळा मात्र तिघेही निर्दोष असतात. प्रिंटर आणि राउटर यांच्यातला वायफायचा दुवा मधेच ढिला पडतो आणि तो पुन्हा जुळताना प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो. या दोन्हींवरचा इलाज जुना आणि स्वस्त आहे: राउटरपासून प्रिंटरपर्यंत एक नेटवर्क केबल, बोलीभाषेत लॅन केबल, आणि प्रिंटरला कायमचा पत्ता. पहिली गोष्ट करून दुसरी विसरणारी ऑफिसं पुष्कळ आहेत आणि त्यांची तक्रार महिनाभरात परत येते.

आधी वायफाय का दगा देतं ते पाहू. ऑफिसात वापरले जाणारे बरेचसे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर बोलतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. व्यापारी संकुलात वर-खाली, डावी-उजवीकडे मिळून दहा-बारा राउटर सहज असतात आणि ते सगळे या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बसतात. एका वेळी एकानेच बोलायचं हा वायफायचा नियम असल्यामुळे बाकीच्यांना थांबावं लागतं आणि धडक झाली तर तोच मजकूर पुन्हा पाठवावा लागतो. त्यात प्रिंटर ठेवलेला असतो खोलीच्या कोपऱ्यात, खालच्या टेबलावर, लोखंडी कपाटाला टेकून. मोबाइलला जिथे चांगलं सिग्नल मिळतं तिथे प्रिंटरला मिळेलच असं नाही.

मग त्याच वायफायवर व्हिडिओ कसा न अडखळता चालतो? व्हिडिओ पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे दोन-चार सेकंदांचा खंड आपल्याला कळतही नाही. संगणक मात्र प्रिंटरला अधूनमधून ‘आहेस का?’ असं विचारत असतो आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर त्याच्यावर ‘Offline’चा शिक्का मारून मोकळा होतो. वापर नसताना प्रिंटर झोपी जातो, काही प्रिंटरांचा वायफायचा भाग त्या झोपेतून वेळेवर उठत नाही, हे आणखी एक कारण.

केबल टाकली की छपाईचा वेग दुप्पट होतो, असा एक समज आहे. तो हिशेबाने तपासता येतो. ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआयने काळ्या-पांढऱ्यात छापायचं तर त्यात सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके बसतात. काहीही न दाबता पाठवले तरी ते साधारण ४.३५ एमबी होतात. प्रिंटरचं केबल-पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचं असतं आणि त्यातून एवढा मजकूर जायला सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. मिनिटाला वीस पानं काढणारा लेझर प्रिंटर एका पानाला तीन सेकंद घेतो. म्हणजे वेग यंत्राच्या रोलरांनी ठरतो, तारेने नाही. केबलने कमी होतो तो पहिलं पान येण्याआधीचा थांबा आणि चाळीस पानांचं ताळेबंदाचं बाड सतराव्या पानावर अडकण्याची शक्यता.

केबल आणि लेझर प्रिंटर यांचं नातं तसं जन्मापासूनचं आहे. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१च्या सुमारास लेझर प्रिंटर घडवला. त्याच केंद्रात अनेक वैयक्तिक संगणक तयार होत होते आणि त्या सगळ्यांना तो एकच महागडा प्रिंटर वापरता यावा ही गरज उभी राहिली. १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी त्यासाठी जी जाळ्याची पद्धत मांडली, तिचं नाव इथरनेट. आज राउटरच्या मागे जी चौकोनी भोकं दिसतात ती त्याच पद्धतीची. अनेक संगणक आणि एक प्रिंटर हेच तिचं पहिलं काम होतं.

आता वरच्या ऑफिसात काम कसं झालं ते पाहू.

पहिला प्रश्न: प्रिंटरला केबलचं पोर्ट आहे का? पाठीमागे यूएसबीचं छोटं चौकोनी भोक असतं, त्याहून मोठं आणि टेलिफोनच्या पिनेपेक्षा रुंद असं भोक दिसलं तर ते आरजे-४५. अनेक कंपन्यांच्या मॉडेलच्या नावाच्या शेवटी येणारी अक्षरंही सांगतात: n असेल तर केबलचं नेटवर्क, w असेल तर वायफाय, d असेल तर कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई. नावात फक्त w असेल तर केबल लावायला जागाच नसण्याची शक्यता जास्त. इथला प्रिंटर dnw होता, म्हणजे सोय होती. त्या भोकावर कारखान्याचा चिकटवलेला कागद मात्र अजून तसाच होता.

दुसरा प्रश्न: राउटरचं कोणतं पोर्ट? राउटरवर LAN असं लिहिलेली बहुधा तीन-चार पोर्ट असतात आणि एक WAN असतं, वेगळ्या रंगाचं किंवा थोडं बाजूला. WAN हे इंटरनेट आत येण्यासाठी. प्रिंटर LAN मध्येच लावायचा. इथे एक फसवी जागा आहे. पुष्कळ ऑफिसांत इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा वेगळा आणि नंतर विकत आणलेला राउटर वेगळा, असे दोन डबे असतात. दोन्ही आपापले पत्ते वाटत असतील तर ती दोन वेगळी जाळी होतात. प्रिंटर एकात आणि संगणक दुसऱ्यात असेल तर ते एकमेकांना सापडत नाहीत. म्हणून संगणक ज्या डब्याला जोडलेले आहेत त्याच डब्याला प्रिंटर जोडायचा. पोर्ट शिल्लक नसेल तर पाच पोर्टांचा साधा स्विच मधे लावला की झालं, त्याला कसलीही जुळणी लागत नाही.

राउटर पुढच्या खोलीत दारावर आणि प्रिंटर मागच्या खोलीत. सरळ अंतर सात मीटर, पण भिंतीच्या कडेने, चौकट ओलांडून मोजलं तर सोळा. केबल अठरा मीटर कापली, कारण प्रिंटर झाडलोटीसाठी पुढे ओढला तरी ताण येता कामा नये. कॅट-५ई किंवा कॅट-६, कोणतीही चालते. दोघींचीही मर्यादा १०० मीटर, त्यामुळे छोट्या ऑफिसात लांबीची काळजी नको. केबल घेताना पाहायची गोष्ट म्हणजे आतली तार पूर्ण तांब्याची आहे ना. स्वस्तातल्या केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ती तार ठिसूळ असते आणि वळणावर किंवा पिनेपाशी आतल्या आत तुटते. वीस मीटरपर्यंत दोन्ही टोकांना पिन बसवलेल्या तयार केबलही मिळतात. पिन ठोकायचं हत्यार हाताशी नसेल तर त्याच घ्याव्यात.

इलेक्ट्रिशियनने केबल दिव्याच्या वायरच्याच पट्टीतून न्यायची तयारी केली होती. “एकाच पट्टीत जाऊ दे की, दिसायलाही बरं दिसतंय.” ते टाळावं. विजेच्या वायरीचं इन्सुलेशन खराब झालं तर प्रिंटर, राउटर आणि हात लावणारा माणूस, तिघेही अडचणीत येतात. शिवाय शेजारून जाणाऱ्या विजेचा त्रास केबलमधल्या संदेशांनाही होतो. वेगळी पट्टी, मधे थोडं अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात, असं ठरलं.

केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या. पिन बसवताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पिन ठोकून झाल्यावर टेस्टर लावला तेव्हा दिवे एकामागून एक लागत गेले: एक, दोन, तीन, चार, पाच, सहावा नाही, सात, आठ. आठातला एकच तर गेला, असं म्हणून चालत नाही. १०० एमबीपीएसच्या जोडणीत १, २, ३ आणि ६ याच चार तारा काम करतात. चौथा किंवा आठवा दिवा लागला नसता तरी प्रिंटर बिनबोभाट चालला असता, पण सहावा म्हणजे हिरवी तार, आणि तिच्याविना जोडणीच होत नाही. पिन कापली तेव्हा दिसलं, हिरवी तार इतरांपेक्षा चिमूटभर आखूड राहिली होती आणि पिनेच्या दातापर्यंत पोचलीच नव्हती. नवी पिन ठोकली आणि आठही दिवे लागले.

केबल लावल्यावर दोन्ही टोकांच्या पोर्टांपाशी लहान दिवा लागतो की नाही ते पाहायचं. बहुतेक यंत्रांत एक दिवा स्थिर राहतो आणि दुसरा लुकलुकतो. दिवाच नसेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. केबल, पिन किंवा पोर्ट यांतच खोट आहे.

इथे दिवे लागले, सगळ्यांना बरं वाटलं, पोचपावती पाठवली गेली आणि पडद्यावर पुन्हा ‘Offline’!

बहुतेक जण इथेच केबल काढून ठेवतात. कारण साधं होतं. प्रिंटरच्या आत वायफायचा भाग वेगळा आणि केबलचा भाग वेगळा असतो. प्रत्येकाचा स्वतःचा ओळख-क्रमांक असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. पुष्कळ प्रिंटरांत केबल लावताच वायफाय आपोआप बंद होतं, काहींत मेनूमध्ये जाऊन ‘Wired’ निवडावं लागतं. जोडणीचा भाग बदलला की राउटरच्या नजरेला ते नवं यंत्र असतं आणि तो त्याला नवा पत्ता देतो. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचा अहवाल छापून घेतला तेव्हा त्यावर 192.168.1.117 होतं. वायफायवर असताना तो 192.168.1.104 वर होता आणि पाचही संगणक अजून 104 कडेच मजकूर पाठवत होते. भाडेकरू खोली बदलून गेला आणि पोस्टमन जुन्याच दारावर टकटक करतोय, तसा प्रकार. वायफायवरही हेच होत असतं. राउटर बंद-चालू झाला किंवा पत्त्याची मुदत संपली की नवा पत्ता मिळू शकतो. म्हणून केबलइतकाच पक्का पत्ता महत्त्वाचा.

पक्का पत्ता देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, राउटरच्या पानावर जाऊन ‘Address Reservation’ किंवा तशाच नावाच्या जागी प्रिंटरचा केबलचा मॅक ॲड्रेस आणि हवा तो पत्ता लिहून ठेवायचा. दोन, प्रिंटरच्याच मेनूत पत्ता हाताने भरायचा. पहिला मार्ग नीटनेटका, पण इंटरनेट कंपनीने डबा बदलून दिला की ती नोंद डब्याबरोबर जाते. इथे वीज वारंवार जाते. वीज परतली की प्रिंटर आणि राउटर एकदमच सुरू होतात, राउटर उठायला जास्त वेळ घेतो आणि प्रिंटर पत्त्याची वाट पाहून स्वतःच 169.254 ने सुरू होणारा एखादा आकडा घेऊन बसतो. त्या आकड्यावर त्याला कुणीच शोधू शकत नाही. म्हणून इथे दुसरा मार्ग धरला.

राउटर आपोआप 100 ते 200 पर्यंतचे पत्ते वाटत होता. प्रिंटरसाठी त्या टप्प्याबाहेरचा 50 निवडला, म्हणजे राउटर तोच पत्ता चुकून एखाद्या मोबाइलला देणार नाही. आधी एका संगणकावरून त्या पत्त्यावर कुणी आहे का ते विचारून पाहिलं, उत्तर आलं नाही. राउटरच्या यादीतही तो आकडा नव्हता. मग प्रिंटरमध्ये असं भरलं:

```
IP Address   192.168.1.50
Subnet Mask  255.255.255.0
Gateway      192.168.1.1
```

हे आकडे या ऑफिसाचे. आपल्या ऑफिसात पहिले तीन आकडे वेगळे असू शकतात. संगणकावर Command Prompt उघडून ipconfig लिहिलं की ‘Default Gateway’ समोर राउटरचा पत्ता दिसतो, त्याचे पहिले तीन आकडे प्रिंटरलाही तसेच ठेवायचे.

आता संगणकांची पाळी. विंडोज ११ मध्ये Printers & scanners या पानावर Add device दाबायचं, थोडं थांबून खाली हाताने भरण्याचा पर्याय येतो तो घ्यायचा, तिथे ‘Add a printer using an IP address or hostname’ निवडायचं. Device type समोर ‘TCP/IP Device’ ठेवून पत्ता भरायचा. विंडोजला प्रिंटर आपणहून शोधू दिला तर तोही सापडतो, पण ती जोडणी बऱ्याचदा WSD नावाच्या पोर्टवर होते. तिथे पक्क्या पत्त्यापेक्षा शोधाशोधीवर भर असतो आणि त्यातूनही ‘Offline’ उद्भवतं. पाचही संगणकांवर नवी नोंद झाल्यावर जुनी वायफायची नोंद काढून टाकली. ती ठेवली तर कुणीतरी नेमकं तिच्यावरच छापायला पाठवतं. ‘Let Windows manage my default printer’ हेही बंद केलं, नाहीतर विंडोज आपल्या मर्जीने मुख्य प्रिंटर बदलत राहतं. स्कॅनरचीही जोडणी नव्या पत्त्याने पुन्हा करावी लागली. छपाई चालू झाली की स्कॅनिंगची आठवण कुणाला राहत नाही, म्हणून हे आवर्जून सांगतो.

कधीकधी प्रिंटर व्यवस्थित छापतो आणि तरी पडद्यावर ‘Offline’ लिहिलेलं राहतं. अशा वेळी Printer properties मध्ये Ports, तिथे Configure Port, आणि आत ‘SNMP Status Enabled’ समोरची खूण काढायची. हा प्रिंटरची खुशाली विचारण्याचा एक मार्ग आहे. काही प्रिंटर त्याला नीट उत्तर देत नाहीत आणि विंडोज गैरसमज करून घेतं.

पुढे कधी छपाई थांबली तर दोष कुठे आहे हे एका ओळीने कळतं:

```
ping 192.168.1.50
```

‘Reply from 192.168.1.50’ आलं तर केबल आणि पत्ता ठीक आहे, अडचण त्या संगणकात आहे. बहुधा रांगेतलं एखादं काम अडकलेलं असतं. Command Prompt प्रशासकाच्या अधिकाराने उघडून net stop spooler आणि मग net start spooler लिहिलं की रांग पुन्हा हलते. ‘Request timed out’ किंवा ‘Destination host unreachable’ आलं तर उलट, संगणकाला हात न लावता प्रिंटरपाशी जायचं: दिवा लागतोय का, केबल निसटली का, छापलेल्या अहवालावर पत्ता 50 च आहे का.

अनेक ऑफिसांत तिसरीच पद्धत असते. प्रिंटर यूएसबीने एका संगणकाला जोडायचा आणि बाकीच्यांनी त्या संगणकामार्फत छापायचं. तो संगणक बंद असेल तर सगळ्यांची छपाई बंद. शिवाय सप्टेंबर २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईतल्या एका गंभीर सुरक्षा-दोषानंतर आलेल्या अपडेटने अशा सामायिक प्रिंटरांवर ‘0x0000011b’ हा संदेश देऊन ठिकठिकाणी काम अडवलं होतं. प्रिंटर थेट राउटरला जोडला की मधला संगणकच नसतो आणि त्याची ही डोकेदुखीही नसते.

केबलच्याही मर्यादा आहेत. कागद अडकणं, टोनर संपणं, चुकीचा ड्रायव्हर यांवर तिचा इलाज नाही. समोरच्या इमारतीतल्या शाखेपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये, पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर त्या तारेतून येणारा झटका दोन्हीकडची यंत्रं घेऊन जातो. राउटरला छोटा यूपीएस जरूर लावावा, पण लेझर प्रिंटर त्यावर चढवू नये, कारण शाई पक्की करणारा तापलेला रोलर सुरू होताना मोठा भार घेतो. आणि केबल लावली म्हणून मोबाइलवरून छापणं बंद होत नाही. मोबाइल त्याच राउटरच्या वायफायवर असला की मजकूर राउटरपर्यंत हवेतून आणि तिथून पुढे तारेतून जातो. पाहुण्यांसाठी वेगळं ठेवलेलं वायफाय मात्र चालणार नाही, ते मुद्दामच बाकीच्या यंत्रांपासून तोडलेलं असतं.

घरी महिन्यातून चार पानं छापणाऱ्याने भिंतीवर पट्टी मारायचं कारण नाही. पण एका प्रिंटरवर तीन-चार जणांचं काम अवलंबून असेल आणि तो राउटरपासून केबल पोचेल एवढ्या अंतरावर असेल, तर वायफायवर ठेवण्यात काही शहाणपण नाही. केबल टाका, पत्ता पक्का करा आणि तो पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या झाकणावर चिकटवा. पुढच्या वेळी येणाऱ्या तंत्रज्ञाचा अर्धा तास आणि तुमचे पैसे, दोन्ही त्या चिठ्ठीने वाचतील.